ताप आणि दवाखान्याची वेळ

लहान मुलांच्या दवाखान्याच्या मोबाइलवर रात्री १० वाजता मेसेज येतो : ‘उद्या दवाखाना किती वाजता उघडतो? बाळाला कालपासून ताप आहे, दूधही ओढत नाही.’ त्या नंबरावर आपोआप उत्तर जाण्याची सोय बसवलेली आहे. तिला ‘किती वाजता’ एवढंच ओळखता येतं. ती लगेच कळवते, ‘सकाळी १० ते १.’ उत्तर अगदी बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो. दवाखान्याने आपलं वाचलं, म्हणजे सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, असा अर्थ आई काढते. बाळ अडीच महिन्यांचं असेल, तर? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर डॉक्टरांनी त्याला लगेच तपासायला हवं. त्या वयात गंभीर संसर्गाची दुसरी काही खूण दिसेलच असं नाही.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे ताप, उलटी, जुलाब, झटका अशा शब्दांची यादी करायची आणि त्यातला शब्द आला की यंत्राने गप्प बसायचं. ही यादी कधीच पुरी होत नाही. लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, त्यातही एकच शब्द चार तऱ्हांनी. कुणी ‘अंग कढत लागतंय’ म्हणतं, कुणी ‘बाळ मलूल आहे’, कुणी शब्दच न लिहिता पुरळाचा फोटो किंवा व्हॉइस मेसेज पाठवतं.

म्हणून यादी उलटी करावी. यंत्राने कशाची उत्तरं द्यायची तेवढंच ठरवायचं : वेळ, पत्ता, फी, सुट्टी. मेसेजमध्ये फक्त तेवढंच असेल तरच उत्तर जाईल. त्याबाहेरचं एक वाक्यही असलं, फोटो किंवा आवाज असला, तर सगळा मेसेज माणसाकडे. यामुळे ‘धन्यवाद, बाळ आता खेळतंय’ असे निरुपद्रवी मेसेजही नर्सच्या पुढ्यात येतील. येऊ द्यावेत. ते वाचायला दोन सेकंद लागतात.

आईला मात्र तोवर काहीतरी कळायला हवं, नाहीतर ती ताटकळत बसेल. त्यासाठी पोच पाठवावी, पण तिच्यात सल्ल्याचा शब्द नको : ‘तुमचा मेसेज मिळाला, पण अजून कुणी वाचलेला नाही. श्वास घ्यायला त्रास, झटका, बाळ पीत नसणं किंवा नीट जागं होत नसणं, यांपैकी काही असेल किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं असून ताप असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.’ ‘अजून कुणी वाचलेला नाही’ हे शब्द गाळायचा मोह होतो, कारण ते रुक्ष वाटतात. पण सगळ्यात उपयोगाचे तेच आहेत.

पुढची साखळी नावानिशी हवी. ‘स्टाफ बघेल’ म्हटलं की कुणीच बघत नाही. त्या वेळी कामावर असलेल्या नर्सला सूचना जावी आणि तिने ‘मी घेतला’ असं नोंदवावं. १० मिनिटांत नोंद झाली नाही, तर डॉक्टरांच्या फोनची घंटी वाजावी. रात्री कामावर कुणीच नसेल, तर तसं पोचेतच स्पष्ट लिहावं.

स्वागतकक्षातल्या माणसानेही औषधाचं उत्तर द्यायचं नाही. तापाचं नेहमीचं पॅरासिटामॉल घ्या. त्याच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये प्रत्येक मिलिलिटरला १००. एखाद्या मोठ्या मुलासाठी ‘५ मिली द्या’ हे ठीक असेल. पण तेवढेच ड्रॉप्स दिले, तर १२० ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. बाटली कोणती आणि वजन किती, हे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही, आणि ते विचारणं डॉक्टरांचं काम आहे. भारतातली २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात : यंत्राने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध सुचवायचं नाही; तो अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरांचा.

व्यवस्था चालते की नाही हे पाहायला, यंत्राने परस्पर उत्तर दिलेले मेसेज दर आठवड्याला कुणीतरी वाचून काढावेत. त्यात एकही दुखण्याचा प्रश्न सापडला, तर तो ज्या नियमातून निसटला तो नियम त्याच दिवशी बंद करावा. माणसाकडे गेलेल्या मेसेजना उत्तर मिळायला किती वेळ लागला, तेही बघावं.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी आज रात्री घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून आपल्याच नंबराला वरचा मेसेज पाठवून बघावा. उत्तर म्हणून नुसती वेळ आली, तर ती सोय दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी.