दोन दिवे, एक बॅटरी आणि तंतूचे तापमान

नववीच्या प्रकल्पात २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे विजेरीचे दोन बल्ब दोन कोरड्या घटांना समांतर, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र वाट देऊन जोडले, तर प्रत्येक बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि घटांतून सुमारे ०.६ अँपिअर धारा जाते. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक जोडल्यास, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे विभवांतर येते. बल्बचा रोध स्थिर धरल्यास धारा ०.१५ अँपिअर असावी आणि बॅटरी चौपट टिकावी.

प्रत्यक्षात धारा सुमारे ०.२ अँपिअर भरते. याचे कारण असे की टंगस्टनच्या तंतूचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे मंद पेटलेल्या, कमी तापलेल्या तंतूचा रोध कमी राहतो. म्हणून या धारांच्या हिशेबाने बॅटरीचे आयुष्य तिपटीच्या आसपास वाढते. प्रकाश मात्र त्याहून कितीतरी अधिक घटतो, कारण कमी तापलेला तंतू बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत टाकतो आणि तांबूसच दिसतो. तुलना करताना दोन्ही परिपथांना एकाच प्रकारचे नवे घट वापरावेत; अर्धवट वापरलेले घट विश्रांतीनंतर तात्पुरते सावरतात आणि निरीक्षण फसवते.