‘दिवाळीपूर्वी मिळेल’ म्हणजे नक्की कधी?

नरकचतुर्दशीची पहाट. घरात आंघोळीची घाई चालू आहे आणि दुकान चालवणाऱ्या ताईंच्या मोबाइलवर मेसेज येतो : ‘ताई, उटणं अजून आलं नाही. तुम्ही तर दिवाळीपूर्वी मिळेल म्हणाला होतात.’ ताईंच्या हिशेबाने दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजन, आणि त्याला अजून एक दिवस आहे. गिऱ्हाइकाच्या हिशेबाने मात्र उटण्याची दिवाळी त्या पहाटेच संपली. दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही. घोटाळा ‘दिवाळीपूर्वी’ या एका शब्दाने केला.

घरून चालणाऱ्या, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या छोट्या दुकानांना सुट्टीची सूचना लिहावी लागते ती अशा वेळी. बहुतेक जण आधी शुभेच्छा लिहितात, मग पणत्यांची चित्रं टाकतात आणि शेवटी ‘ऑर्डर पोहोचायला थोडा उशीर होऊ शकतो’ असं लिहून मोकळे होतात. खरं तर ही सूचना आधी कॅलेंडर आणि वहीवर तयार व्हायला हवी. तारखा पक्क्या झाल्या की कॅप्शन लिहायला पाच मिनिटं पुरतात.

२०२५ सालची दिवाळी घेऊन हा हिशेब करून पाहू. नाशिकमध्ये घरून उटणं, साबण आणि सुगंधी तेल विकणारं एक दुकान आहे, असं समजा. त्या वर्षी नरकचतुर्दशी सोमवारी, २० ऑक्टोबरला होती. लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला आणि भाऊबीज २३ला. दुकान २० ते २३ बंद. उटणं अभ्यंगस्नानाला हवं, म्हणजे ते २०च्या पहाटे घरात असलंच पाहिजे. १९ला रविवार होता. म्हणून पार्सल पोहोचण्याची शेवटची तारीख शनिवार, १८ ऑक्टोबर धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

या दुकानाला पॅकिंगला कामाचे दोन दिवस लागतात. कुरिअर एरवी महाराष्ट्रात तीन दिवसांत आणि राज्याबाहेर सहा दिवसांत पोहोचवतं. दिवाळीच्या गर्दीसाठी दोन्हीकडे दोन दिवस जादा धरले की पाच आणि आठ होतात. रविवार वगळून मोजलं तर महाराष्ट्रातलं पार्सल सोमवारी १३ तारखेला कुरिअरच्या हातात पडायला हवं आणि बाहेरचं गुरुवारी ९ला. त्यात पॅकिंगचे दोन दिवस मिळवले की ऑर्डरची शेवटची तारीख निघते : महाराष्ट्रासाठी शुक्रवार १० ऑक्टोबर, बाहेरच्यांसाठी मंगळवार ७ ऑक्टोबर. नुसत्या अंदाजाने ‘१५ तारखेपर्यंत ऑर्डर द्या’ लिहिलं असतं, तर नरकचतुर्दशीला तसा मेसेज येणं ठरलेलंच होतं.

बाहेरच्या राज्यांत आणखी एक अडचण असते. त्या वर्षी आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ला असलं, तरी दिल्लीसह उत्तर भारतात बहुतेकांनी दिवाळी २०लाच साजरी केली. सरकारी सुट्ट्याही त्याप्रमाणे वेगळ्या होत्या. म्हणून सणाचं नाव लिहा, पण त्याच्या शेजारी वार आणि तारीख हवीच. ‘उद्यापासून’, ‘या आठवड्यात’, ‘पुढचे चार दिवस’ हे शब्द तर टाळाच. इन्स्टाग्राम पोस्ट क्रमाने दाखवत नाही. सोमवारी टाकलेली पोस्ट कोणी गुरुवारी पाहतं आणि त्याचा ‘उद्या’ शुक्रवार होतो.

आता सुट्टीनंतरचं पाहू, कारण सूचनांमध्ये हाच भाग बहुधा राहून जातो. शेवटचं पिकअप शनिवारी १८ला, म्हणजे गुरुवार १६पर्यंतच्या ऑर्डर सुट्टीआधी निघतील. फक्त त्यांना दिवाळीआधी पोहोचण्याचा शब्द नाही. १७ ते २३ या काळातल्या ऑर्डर साचतील. २४ला दुकान उघडलं म्हणून त्या सगळ्या २४लाच निघत नाहीत. पॅकिंग आटोपून २५ ते २८ या दरम्यान त्या रवाना होतील असं धरलं, तर महाराष्ट्रात १ नोव्हेंबरपर्यंत आणि बाहेर ५ नोव्हेंबरपर्यंत पोहोचतील. गिऱ्हाइकाला हीच तारीख हवी असते. ‘२८ला डिस्पॅच’ वाचून पुष्कळ जण २८ला दाराशी पार्सल येईल असं समजतात, म्हणून ‘निघेल’ आणि ‘पोहोचेल’ हे दोन शब्द वेगवेगळे लिहावेत.

एवढी जुळवाजुळव झाली की कॅप्शन असं होतं :

‘दिवाळीची सुट्टी २० ते २३ ऑक्टोबर. उटण्यासाठी ऑर्डर : महाराष्ट्रात शुक्र. १०पर्यंत, बाहेर मंगळ. ७पर्यंत.
या तारखांपर्यंतच्या ऑर्डर शनिवार १८ ऑक्टोबरपर्यंत पोहोचतील. त्यानंतर गुरुवार १६पर्यंत आलेल्या ऑर्डर सुट्टीआधी निघतील, पण दिवाळीआधी पोहोचतीलच असं सांगता येणार नाही.
१७ ते २३ या काळात ऑर्डर देता येईल. ती २५ ते २८ ऑक्टोबरला निघेल. महाराष्ट्रात १ नोव्हेंबरपर्यंत, बाहेर ५ नोव्हेंबरपर्यंत पोहोचेल.
सुट्टीत रोज संध्याकाळी ७ वाजता मेसेज पाहू. शुभ दीपावली!’

शुभेच्छा शेवटी का? इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण स्क्रोल करणाऱ्याला त्यातलं पहिलं सव्वाशेच्या आसपास दिसतं. बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. तिथे ‘तेजोमय दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ बसल्या तर तारखा आत झाकल्या जातात. तसंच तारखा चित्रावर छापू नका. कुरिअरने एखादं पिकअप रद्द केलं आणि तारीख बदलावी लागली, तर कॅप्शन दुरुस्त करता येतं. छापलेलं चित्र मात्र तसंच राहतं आणि व्हॉट्सॲपवर फिरत जातं. पोस्ट प्रोफाइलवर पिन करून ठेवा. स्टोरी २४ तासांत जाते, तेव्हा ती फक्त आठवण करून द्यायला ठीक. पहिली सूचना मात्र दसऱ्याच्या आधीच जायला हवी. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता आणि राज्याबाहेरची मुदत ७लाच संपत होती.

पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाला कॅप्शन पुरत नाही. त्याने तुमचं पान पुन्हा उघडलेलंच नसतं. तारीख पुढे गेली असेल तर त्याला वेगळा मेसेज करावा लागतो, आणि तोही त्याने विचारायच्या आधी : ‘काकू, तुमचं पार्सल शनिवारऐवजी मंगळवारी २८ला पोहोचेल. कुरिअरचं आजचं पिकअप झालं नाही. थांबायला जमत नसेल तर सांगा, पैसे आजच परत करते.’ जुनी तारीख, नवी तारीख, कारण आणि परतीची वाट, एवढं त्यात आलं. व्हॉट्सॲप बिझनेसवर सुट्टीपुरता आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. तोही ‘लवकरच संपर्क करू’ असा नको. दुकान कधी उघडणार आणि मेसेज कधी पाहिले जाणार, ते त्यात लिहा.

तारीख लिहिली की तिची जबाबदारीही येते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा पोहोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद आहे तो आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. दिवाळी कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते, तिला आकस्मिक आपत्ती म्हणणं अवघड आहे. म्हणून हिशेबात धरलेले ते दोन जादा दिवस कॅप्शनमध्ये कमी करू नका. पार्सल आधी पोहोचलं तर तक्रार करायला कोणी येत नाही.