भुशाची कांडी

चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांतून परदेशी जाणारी यंत्रं आणि सुटे भाग लाकडी पेटीत किंवा पॅलेटवर बसून जातात. या पेट्या बनवणारे वर्कशॉप त्याच भागात आहेत. तिथे दिवसभर करवत चालते आणि संध्याकाळी तिच्याखाली भुशाचा ढीग साचलेला असतो. प्लॅनरच्या बाजूला कुरळ्या ढलप्या आणि कोपऱ्यात फळ्यांचे वीतभर तुकडे. हा माल जागा अडवतो, वाऱ्याने उडतो, आगीची भीती घालतो. त्यातून जळणाच्या कांड्या कशा होतात, हे समजून घ्यायला पेटीवाल्यांचा भुसा फार चांगला, कारण तो स्वच्छ असतो.

तो स्वच्छ असण्याचं कारण निर्यातीच्या नियमात आहे. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवावं लागतं आणि मग त्यावर ‘एचटी’ असा शिक्का बसतो. नुसती उष्णता, रसायन नाही. शिवाय पेट्यांना वापरलं जाणारं पाइन बऱ्याचदा भट्टीत वाळवूनच आलेलं असतं. अशा भुशात पाणी जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास असतं.

पाण्याचा हा आकडा यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. कांडी करताना भुशात गोंद, शेण, माती काहीच घालत नाहीत. लाकडात मुळातच लिग्निन नावाचा घटक असतो. झाडाच्या तंतूंना धरून ठेवण्याचं काम तोच करतो. प्रचंड दाब आणि घर्षणाची उष्णता मिळाली की तो मऊ होतो, भुशाचे कण एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावर कडक बसतात. हे नीट जमायला भुशात ८ ते १२ टक्के ओलावा लागतो. त्याहून कमी असला तर कण सुटे राहतात. जास्त असला तर आत वाफ कोंडते, कांडीला आडवे तडे जातात आणि कधी कधी कोंडलेली वाफ साच्यातून माल स्फोटासारखा बाहेर फेकते. म्हणून यंत्र चालू असताना साच्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं.

आता वखारीतल्या भुशाचा हिशेब करू. ताज्या ओंडक्यांच्या कटाईतून निघालेल्या भुशात ४० टक्के पाणी सहज असतं. म्हणजे १००० किलोत ६०० किलो लाकूड आणि ४०० किलो पाणी. ओलावा १० टक्क्यांवर आणला की माल उरतो साधारण ६६७ किलो. ३३३ किलो पाणी उडवावं लागलं. ड्रायरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर एक किलो पाणी उडवायला हजारेक किलोकॅलरी लागतात, आणि कोरडा भुसा किलोमागे सुमारे ४००० किलोकॅलरी देतो. म्हणजे ८० किलोहून अधिक भुसा नुसता वाळवण्यासाठीच जाळायचा. हातात ५८० किलोच्या आसपास कांडी येते. उन्हाळ्यात काँक्रीटच्या अंगणात पातळ पसरून, वरचेवर हलवून हे काम फुकटात होतं. पण पावसाळ्याचे चार महिने ती सोय नसते. पेटीवाल्यांच्या भुशाला ही कसरत लागत नाही, फक्त तो छपराखाली ठेवावा लागतो.

ओलावा मोजायला मीटर मिळतं, पण जुना जाणकार आधी मूठ भरून भुसा दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर माल नक्की ओला. पक्कं मोजायचं तर १०० ग्रॅम भुसा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवतात. जितके ग्रॅम घटले, तितके टक्के पाणी.

मग भुसा चाळायचा आणि चुंबकावरून न्यायचा. पेटीच्या कामात खिळे फार, आणि एक खिळासुद्धा साच्याला चर पाडतो. आपल्याकडे जास्त चालतं ते पिस्टनचं यंत्र. जड फ्लायव्हील फिरतं, दट्ट्या मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके देतो, आणि दर ठोक्याला भुशाची एक चकती आधीच्या चकतीवर दाबली जाते. साच्यातून तपकिरी, वाफाळता, अखंड दांडा लांबलचक पन्हाळीवर सरकत येतो आणि गार होत होत तुटतो. त्याचीच कांडी, बाजारात तिला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. चांगल्या कांडीचं अंग गुळगुळीत, चकचकीत असतं आणि ती पाण्यात टाकली की बुडते. ती पाण्यात ठेवून मात्र द्यायची नाही. थोड्या वेळात फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. एक गळकं छप्पर अख्खा साठा घालवू शकतं.

पेलेट त्याच तत्त्वावर होतात, पण ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या. त्यासाठी भुसा आणखी बारीक दळावा लागतो, वीज जास्त लागते आणि साचा लवकर झिजतो. बर्नरमध्ये आपोआप जळण सोडायचं असेल तरच हा खर्च परवडतो. बॉयलरला जाड कांडी पुरते.

एवढी खटपट कशासाठी, तर मुख्यतः वाहतुकीसाठी. सुटा भुसा घनमीटरला दोनशे किलोसुद्धा मुश्किलीने भरतो. कांड्या सहाशेच्या पुढे. त्याच ट्रकमधून तिप्पट जळण इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या बॉयलरपर्यंत जातं. आपल्या वीज केंद्रांच्या कोळशात ३०-४० टक्के राख असते, तर स्वच्छ लाकडाच्या कांडीत एक-दोन टक्केच.

यंत्र घ्यायचं का, हा प्रश्न एकट्या वर्कशॉपने स्वतःला विचारला तर माझ्या मते उत्तर नाही असंच येईल. दिवसाला ३०० किलो भुसा निघत असेल, तर लहान पिस्टन यंत्रसुद्धा तो तासाभरात संपवतं. दहा-पंधरा वर्कशॉपनी एका जागी माल आणला तरच ते दिवसभर चालेल. आणि लाकडाचे तुकडे यात घालू नयेत. तुकडा मुळातच घट्ट, कोरडं जळण आहे. त्याचा चिपरमध्ये चुरा करायचा, तो दळायचा आणि पुन्हा दाबून तुकडा बनवायचा, यात वीज फुकट जाते. ढलप्यांना कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला मागणी असते. तिथला भाव आधी विचारावा.

सगळ्यात कठीण ढीग फर्निचरवाल्यांकडे असतो. मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबच्या कामात निघणारा भुसा एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि प्लायवुडचा. तो कोरडा, बारीक आणि यंत्राला अगदी सोयीचा असतो. कांडीही देखणी होते. पण त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं, वरच्या लॅमिनेटमध्ये मेलामाइन असतं, आणि कडेची पट्टी बहुधा पीव्हीसीची असते. रेझिनमधल्या नायट्रोजनमुळे नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि आग मंद असेल तर विषारी वायू निघतात. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या जातात. बेकरीच्या किंवा तंदूरच्या भट्टीत तर धूर थेट खाण्याला लागतो. तिथे ही कांडी कधीच जाऊ नये. एकदा दाबली की रंगावरून ती ओळखणंही कठीण. म्हणून वेगळं करण्याचं काम करवतीखालीच व्हायला हवं: बोर्ड कापायच्या मशिनला वेगळी धूळपिशवी, साध्या लाकडाला वेगळी. गिऱ्हाइकानेही भुसा कुठल्या मशिनचा आहे हे विचारावं आणि नायट्रोजन व क्लोरीनची तपासणी मागावी.

बोर्डाच्या भुशाला आज त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे सिमेंटची भट्टी. तिथलं तापमान १४०० अंशांच्या पुढे जातं आणि चुना आम्ल शोषून घेतो. पण त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, मालाची सतत तपासणी आणि ट्रकभर साठा लागतो. गल्लीतल्या दोन कारागिरांच्या दुकानाला यातलं काही जमत नाही. तिथली पोती अजून कचऱ्याच्या गाडीत जातात किंवा रात्री मागच्या बाजूला पेटवली जातात.