मेडिकलच्या काउंटरवरची गुप्तता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जत, नेरळ, खोपोली या गावांतल्या मेडिकलवर संध्याकाळी झुंबड उडते. लोकलमधून उतरलेले चाकरमानी, पाळी सुटलेले कामगार, वाड्यांवरून बाजाराला आलेली मंडळी, सगळे जेमतेम चार-पाच फुटांच्या काउंटरला खेटून उभे असतात. मागच्या रांगेत शेजारी, सोयरा किंवा कंपनीतला मुकादम असण्याची शक्यता मोठी. अशा ठिकाणी एक वाक्य मोठ्याने बोललं गेलं तर ते रात्रीपर्यंत घरी पोहोचतं.

गैरसमज : गुप्तता पाळायची ती डॉक्टरांनी. मेडिकल म्हणजे दुकान.

२०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टवरही हे बंधन आहे. रुग्णाकडून कळलेली खाजगी बाब कायद्याने भाग पाडल्याशिवाय त्याने उघड करायची नाही. औषध कसं घ्यायचं हे समजावण्याचं कामही त्याचंच आहे, मदतनीस पोराने फळीवरून ओरडून सांगण्याचं नाही.

गैरसमज : गर्दीत गुप्तता पाळायची तर काही न बोलता पुडी हातात द्यावी.

हा सर्वांत घातक गैरसमज आहे. समजा, खालापूरच्या एखाद्या कारखान्यातला तरुण खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर रिफॅम्पिसिन असलेल्या, म्हणजे टीबीच्या गोळ्या आहेत. त्याला काहीच सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी केशरी लघवी पाहून तो रक्त समजेल आणि गोळ्या बंद करेल. अर्धवट सोडलेल्या उपचाराने टीबी चिवट होतो. म्हणून बोलायलाच हवं, पण आजाराचं नाव न घेता.

त्याला काउंटरच्या टोकाला बोलवावं, चिठ्ठी दोघांच्या मध्ये ठेवावी आणि औषधाचं नाव बोटाने दाखवावं, उच्चारू नये. मग हळू आवाजात सांगावं, "ही सकाळी उपाशीपोटी घ्या, नंतर तासभर काही खाऊ नका. लघवी, घाम केशरी होईल, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या किंवा भूक मेली तर लगेच डॉक्टरांकडे जा." यात ऐकणाऱ्याला आजार सहज कळत नाही आणि रुग्णाला हवं ते सगळं मिळतं. रुग्ण स्त्री असेल तर या औषधाने गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, हे मात्र पूर्ण बाजूला नेऊनच सांगावं. ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या वाचता न येणाऱ्या माणसाला पाकिटावर उगवता सूर्य काढून द्यावा आणि कधी, किती घेणार ते त्याच्याच तोंडून परत ऐकावं. वेळ लागतो दोन-तीन मिनिटं. रांग तेवढी थांबू शकते.

वाडीवरचा एकच माणूस अनेकदा तीन-चार घरांच्या चिठ्ठ्या घेऊन येतो. त्याला औषध द्यावं, वेळ सांगावी. "कशासाठी आहे हे?" असं त्याने विचारलं तर उत्तर एकच, "ज्याचं आहे त्याला मी फोनवर समजावतो." प्रत्येकाची पुडी वेगळी, नाव आतल्या बाजूला.

गैरसमज : माझं नाव वहीत लिहिलं म्हणजे माझी गुप्तता मोडली.

शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४पासून लागू आहे. त्यात टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलमसारख्या गोळ्या येतात. त्या देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपावी लागते, औषध निरीक्षकाला दाखवावी लागते. त्यात आजाराचा रकाना नाही. टीबीच्या औषधांची माहिती सरकारी क्षयरोग यंत्रणेला कळवणंही २०१८पासून औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. ही चहाडी नव्हे. ही माहिती मिळण्याचा अधिकार फक्त यंत्रणेला आहे, मुकादमाला किंवा सासरच्यांना नाही.

गुप्तता मोडते ती वही उघडी पडलेली असते तेव्हा. पुढचं गिऱ्हाईक सुटे पैसे मोजता मोजता वरच्या ओळीतलं नाव वाचतं. वही काउंटरच्या आत, लिहिणाऱ्याकडे तोंड करून असावी. चिठ्ठ्या खिळ्यात खोचून ठेवणं, जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर हिशेब करणं, त्यांत पुड्या बांधणं, हे सगळं बंद व्हायला हवं. ज्या प्रती ठेवणं भाग आहे त्या कपाटात, बाकीच्या नाव वाचता येणार नाही अशा फाडून टाकाव्यात. व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीचा फोटो दुकानाच्या फोनवरच यावा, मदतनीसाच्या नको, आणि काम झालं की पुसावा.

एचआयव्हीबाबत तर २०१७चा वेगळा कायदाच आहे. त्यातले मोजके अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही.

आणि रुग्णांनो, नोंदीसाठी खरं नाव द्या, चिठ्ठी आठवणीने परत घ्या. लोकांसमोर बोलायचं नसेल तर फार्मासिस्टला सरळ म्हणा, "जरा बाजूला येऊन सांगता का?" तो तुमचा हक्क आहे.