फ्रीज घ्यावा की मोठा फलक लावावा? गुंतवणुकीवरील परताव्याचा हिशेब

राज्य मार्गाच्या फाट्यावर किराणा मालाचे दुकान चालविणारा एक शेतकरी आहे, असे समजू. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. दूध, दही, ताक आणि शीतपेये ठेवण्यासाठी काचेच्या दाराचा फ्रीज घ्यावा, किंवा वाटसरूंच्या नजरेत भरेल असा दिव्यांचा मोठा फलक लावावा. फ्रीजची किंमत ४०,००० रुपये आणि फलकाची १२,००० रुपये आहे. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाने स्वतःच्या वहीतील आकडे वापरावेत.

फ्रीजमुळे महिन्याला सरासरी १५,००० रुपयांची विक्री वाढेल, असा दुकानदाराचा अंदाज आहे. वर्षाची वाढीव विक्री १,८०,००० रुपये झाली, म्हणजे ४०,००० रुपये चौपटीहून अधिक होऊन परत आले, असे प्रथमदर्शनी वाटते. सर्वाधिक चूक येथेच होते. “विक्री माझी नसते. तिच्यातला बराचसा पैसा माल देणाऱ्याचा असतो. माझा असतो तो फक्त उरलेला नफा,” असे दुकानदार म्हणतो.

या मालावर त्याला शेकडा १५ रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला २,२५० रुपये. त्यातून विजेचे १,२०० आणि नासलेल्या मालाचे १५० रुपये वजा केले की ९०० रुपये उरतात. वर्षाचे १०,८०० रुपये झाले. फ्रीज ८ वर्षे टिकेल असे धरल्यास दरवर्षी ५,००० रुपये झीज होते, तिला घसारा म्हणतात. ती वजा केल्यावर निव्वळ लाभ ५,८०० रुपये राहतो. या लाभाला मूळ गुंतवणुकीने भागून शंभराने गुणले की परतावा मिळतो. येथे तो १४.५ टक्के आहे. हेच पैसे १२ टक्के व्याजाने काढले, तर पहिल्या वर्षी ४,८०० रुपये व्याजात जाऊन हाती केवळ १,००० रुपये राहतील.

आता फलकाकडे वळू. त्यामुळे महिन्याला १०,००० रुपयांची विक्री वाढेल असे मानू. किराण्यावर शेकडा ८ रुपये सुटतात, म्हणजे ८०० रुपये. दिव्यांच्या विजेचे १०० रुपये वजा जाता ७०० रुपये राहतात. वर्षाचे ८,४०० रुपये झाले. फलक ऊन-पावसात ३ वर्षेच टिकेल, म्हणून घसारा ४,००० रुपये. निव्वळ लाभ ४,४०० रुपये, म्हणजे सुमारे ३७ टक्के परतावा. वर्षाकाठी रुपये फ्रीज अधिक देतो, परंतु गुंतविलेला प्रत्येक रुपया फलकात अधिक काम करतो.

तरीही निर्णय येथे संपत नाही. दोन्ही उत्तरे वाढीव विक्रीच्या अंदाजावर उभी आहेत. अंदाजाच्या निम्मीच विक्री झाली, तर फलकात वर्षाला ४०० रुपयांचा तोटा होतो. फ्रीजमध्ये मात्र तो सुमारे ६,८०० रुपये होतो, कारण माल खपो वा न खपो, विजेचे बिल तेवढेच येते.

म्हणून अंदाज आधी पडताळावा. थंड पदार्थ मागून रिकाम्या हाताने परतणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद दुकानदार वहीत ठेवतो. ही नोंद केवळ वैशाखातील असून चालत नाही. उन्हाळ्याच्या ४ महिन्यांत २५,००० आणि उरलेल्या ८ महिन्यांत १०,००० रुपयांची मागणी असेल, तरच सरासरी १५,००० रुपये येते. उन्हाळ्याचा आकडा बारा महिन्यांना लावल्यास हिशेब फसतो. फलकासाठी तो एक महिना साधा कापडी फलक लावतो आणि किती अनोळखी गिऱ्हाइके आली, त्यांनी किती खरेदी केली, हे टिपतो. दुकान गावाच्या आत असते आणि गिऱ्हाईक रोजचेच असते, तर मोठ्या फलकाने विक्री वाढण्याचे कारणच उरले नसते.

विस्तार कार्यकर्त्यांना कडबाकुट्टी यंत्राबाबत हीच रीत वापरता येईल. यंत्रामुळे वाया जाणारा चारा वाचतो हे खरे, परंतु त्याची किंमत लाभात केव्हा धरावी? विकत घ्यावा लागणारा चारा तेवढा कमी झाला किंवा वाचलेला चारा विकला गेला, तरच. तो गोठ्यामागे पडून कुजणार असेल, तर लाभाच्या रकान्यात शून्य लिहावे. मग वीज, पात्यांना धार लावणे, दुरुस्ती आणि घसारा वजा करून उरलेल्या रकमेस यंत्राच्या किमतीने भागावे. वाचलेल्या मजुरीलाही हाच नियम लागू पडतो. मजुरास द्यावे लागणारे पैसे खरोखर कमी झाले असतील, तेवढीच रक्कम लाभात धरावी.