‘अमक्याची बायको’ आणि मतदारयादी

१९१७ साली भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार, तेव्हा मार्गारेट कझिन्स यांनी बायकांच्या शिष्टमंडळासाठी भेटीची वेळ मागितली. बोलायचं होतं मुलींच्या शिक्षणाबद्दल. उत्तर आलं की भेट फक्त राजकीय विषयावरच मिळेल. मग अर्जात मताधिकाराची मागणी घालण्यात आली आणि त्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटलं. भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेला तोवर जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. शाळेची मागणी जुनी, मताची मात्र अशी एका सरकारी नियमाच्या आडोशाने आत शिरली.

१९१९च्या कायद्याने स्त्रियांना थेट मत दिलं नाही. निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. मद्रास आणि मुंबईने १९२१ साली बाईपणाची आडकाठी काढली, बंगालने १९२५ साली. पण मालमत्तेची अट तशीच राहिली. घर, शेत, सारा सगळं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. त्यामुळे हक्क मिळूनही यादीत बसणाऱ्या बायका थोड्याच निघाल्या.

१९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, ती पुन्हा शिक्षणासाठीच. मुलीचं लग्न लहानपणीच झालं तर शाळा सुटणारच, हे उघड होतं. म्हणून चर्चा लवकरच बालविवाहाच्या कायद्यापर्यंत पोचली, आणि पुढे कायदे करणाऱ्यांना निवडून देण्याच्या हक्कापर्यंत.

१९३५च्या कायद्याने दोन नव्या वाटा काढल्या. मतदार होण्याइतकी मालमत्ता असलेल्या पुरुषाची बायको, किंवा लिहिता-वाचता येणारी बाई, मत देऊ शकणार होती. साठ लाखांच्या आसपास बायका मतदार झाल्या. परिषदेला मात्र हे मान्य नव्हतं. तिला सरसकट प्रौढ मताधिकार हवा होता. मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. नवऱ्याच्या जमिनीवर मिळालेलं मत बाईचं कसं? आणि साक्षरतेची वाट तर १९३१ साली शंभरातल्या जेमतेम तीन बायकांपुरतीच खुली होती.

राज्यघटनेने १९५० साली सगळ्या अटी पुसल्या. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा उत्तरेतल्या अनेक भागांत बायका परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच नोंदवलं जाई. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे चालू दिलं नाही. खरं नाव द्या, नाहीतर नोंद रद्द, असं ठरलं. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी अठ्ठावीस लाखांची नावं शेवटपर्यंत मिळाली नाहीत, आणि यादीतून त्यांच्या नोंदी वगळाव्या लागल्या.