दोघांना सारखं जवळ कुठे?

बजाजनगर आणि सिडको या दोन पत्त्यांवर राहणाऱ्या माणसांनी भेटायचं कुठे? नकाशावर दोन्ही घरांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर तिचा मध्य छावणीच्या दक्षिणेला, खाम नदी आणि रेल्वेमार्गाच्या आसपास कुठेतरी पडतो. तो दोघांपासून सारख्याच किलोमीटरवर असतो, पण रेघेवरून कुणी गाडी चालवत नाही. संभाजीनगरात रेल्वेमार्ग ओलांडायचा तर ठरावीक पूल आणि फाटकंच आहेत. खाम ओलांडायलाही ठरावीक पूलच आहेत आणि त्यातले जुन्या दरवाजांजवळचे अरुंद आहेत. म्हणून मधली जागा किलोमीटरने नव्हे, मिनिटांनी शोधावी, असं माझं म्हणणं आहे.

रस्त्यांचं जाळं मनात उभं करा. चौक म्हणजे बिंदू आणि दोन चौकांमधला रस्ता म्हणजे दुवा. प्रत्येक दुव्यावर लांबीऐवजी लागणारी मिनिटं लिहायची. मग एका घरापासून सुरुवात करून सर्वांत लवकर गाठता येणारा चौक पक्का करायचा, तिथून पुढच्या चौकांच्या वेळा तपासायच्या आणि हेच करत राहायचं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५६ मध्ये ही रीत शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही घरांपासून हा हिशेब केला की प्रत्येक चौकापुढे दोन वेळा मिळतात. उदाहरणापुरते आकडे धरू. सकाळी ११ वाजता दुचाकीवरून बजाजनगरहून नगर नाक्याला १६ मिनिटं, महावीर चौकाला २३ आणि क्रांती चौकाला २७ लागतात. सिडकोहून याच जागांना अनुक्रमे २६, १९ आणि १५ मिनिटं लागतात. नगर रस्ता मोकळा आणि जालना रस्ता चौकांनी भरलेला, त्यामुळे रस्त्याने मोजलेल्या अंतराचा मध्य नगर नाक्याच्या आसपास राहिला, तरी वेळेचा मध्य शहराच्या आत सरकतो.

यातली निवड कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. पहिला विचार येतो एकूण वेळ कमीत कमी ठेवण्याचा. पण वरच्या तिन्ही जागांची बेरीज करून पाहा, प्रत्येक वेळी ४२ च येते. हा योगायोग नाही. माणसं दोनच असतील आणि जाण्या-येण्याचा वेळ सारखा असेल, तर सर्वांत जलद मार्गावरच्या प्रत्येक जागेची बेरीज तीच राहते. बजाजनगरच्या माणसाने थेट सिडकोतल्या घरीच जावं, हाही पर्याय या कसोटीला उतरतो! दुसरा विचार म्हणजे दोघांच्या वेळा अगदी सारख्या असाव्यात. तोही एकटा पुरत नाही, कारण मार्ग सोडून पैठण रस्त्यावर अशी जागा सापडू शकते जिथे दोघांनाही ४० मिनिटं लागतील. फरक शून्य, आणि दोघांचंही नुकसान. म्हणून प्रत्येक जागेपुढचा मोठा आकडा घ्यावा आणि तो जिथे सर्वांत लहान असेल ती जागा निवडावी. नगर नाक्याला तो २६, क्रांती चौकाला २७ आणि महावीर चौकाला २३ आहे. सकाळची भेट महावीर चौकात.

किलोमीटर बदलत नाहीत, मिनिटं मात्र रोज बदलतात, मग त्यांच्यावर विसंबायचं कसं, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे, पण त्याने उलट माझीच बाजू बळकट होते. वाळूजच्या कंपन्यांची पाळी सुटल्यावर शहराकडे येणारी गर्दी धरा. आता बजाजनगरहून नगर नाका २७ आणि महावीर चौक ३६ मिनिटांवर गेला, तर सिडकोहून त्याच जागा ३२ आणि २५ वर आल्या. मोठा आकडा नगर नाक्याला ३२ आणि महावीर चौकाला ३६, म्हणजे संध्याकाळची भेट नगर नाक्याला. घरं तीच आणि रस्तेही तेच, पण योग्य जागा बदलली. किलोमीटर हा बदल दाखवूच शकत नाहीत. मोबाइलवरचा नकाशा वेळ सांगतो, हेही खरं. पण तो एका वेळी एकाच माणसाचा मार्ग दाखवतो. दोन्ही पत्ते आळीपाळीने टाकून, भेटीची वेळ निवडून, आकडे शेजारी मांडणं आपल्यालाच करावं लागतं.

वाहनाची गोष्ट त्याहून मोठी आहे आणि नेमकी तीच विसरली जाते. सिडकोतला माणूस शहर बसने येणार असेल, तर थांब्यापर्यंतचं चालणं आणि बसची वाट पाहणं त्याच्या खात्यात धरावं लागतं. ही २० मिनिटं धरली आणि बसचा प्रवास दुचाकीएवढाच मानला, तरी सकाळी महावीर चौक त्याला ३९ मिनिटांवर पडतो. क्रांती चौकाला मोठा आकडा ३५ येतो, आणि न्याय्य जागा पूर्वेला, सिडकोच्या बाजूला सरकते. गाडीवाल्याने जास्त अंतर का कापावं, असं इथे विचारलं जातं. त्याचं उत्तर असं की दोघं भेटीसाठी वेळ देतात, किलोमीटर नाही. भेट उशिरापर्यंत चालणार असेल, तर परतीची शेवटची बसही पाहावी. ती चुकत असेल, तर ती जागा कितीही मधोमध असली तरी यादीतून काढून टाकावी.